पैसे भरण्याआधी विक्रेता वाचा: नकली शूज आणि सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन कशी ओळखायची

माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे साडेपाचला नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर पोहोचतो आणि 1600 मीटरची वेळ रोज वहीत लिहितो. गेल्या महिन्यात त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. एका नामांकित कंपनीचे रनिंग शूज होते. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर किंमत 7,999 रुपये, आणि एका मोठ्या मार्केटप्लेसवर तेच 2,349 ला. खाली चारच्या वर तारे, रिव्ह्यू तीन हजारांवर. "काका, मागवू का? ग्राउंडवरचे सगळे पोट्टे इथूनच घेऊन राहिले."

महालात माझं लहानसं ऑफिस आहे, दुकानदारांची जीएसटी रिटर्न भरून देतो. त्यामुळे सवयीने माझी नजर बुटाच्या फोटोवर गेली नाही, विक्रेत्याच्या नावावर गेली. नकली माल ओळखण्याचे जे सल्ले आपण वाचतो त्यातले बरेचसे पार्सल उघडल्यावरचे असतात. शिलाई पाहा, वास घ्या, तळवा वाकवून पाहा. पैसे भरण्याआधी यातलं काहीच आपल्या हातात नसतं. पडद्यावरचा फोटो तर बहुतेक वेळा खऱ्या मालाचाच असतो, कारण नकली विकणारा कंपनीचाच फोटो उचलून लावतो. तो कितीही मोठा करून पाहिला तरी खरा बूटच दिसणार. त्या क्षणी आपल्याला तपासता येतात त्या कागदावरच्या गोष्टी: कोण विकतंय, त्याला माल कुणाकडून आला असणार, आणि त्याने पानावर लिहिलेली माहिती एकमेकींशी जुळते का.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी जे तपासलं, ते त्याच क्रमाने सांगतो.

पिनकोड टाका आणि मगच विक्रेता पाहा

मार्केटप्लेसवर वस्तूचं पान एक असतं, पण त्या पानावरून विकणारे अनेक असू शकतात. तुम्ही कुठे राहता, त्या दिवशी कुणाकडे साठा आहे, कोण स्वस्त देतोय, यावरून तुमच्यासमोर त्यातला एक विक्रेता आपोआप येतो. म्हणून पुण्याच्या मैत्रिणीने पाठवलेल्या लिंकवर तिला दिसलेला विक्रेता आणि 440 पासून सुरू होणारा आपला पिनकोड टाकल्यावर दिसणारा विक्रेता वेगळे असू शकतात. तिचा माल अस्सल निघाला, एवढ्यावरून आपलाही निघेल असं नाही. आधी आपला पिनकोड टाका, साइज किंवा शेड निवडा, आणि मग किमतीच्या आसपास Sold by किंवा Seller असं लिहिलेलं असतं तिथलं नाव वाचा. साइज बदलल्यावर विक्रेता बदललेला मी अनेकदा पाहिला आहे, म्हणून हे शेवटच्या निवडीनंतर पाहायचं. कार्टमध्ये वस्तू दोन दिवस पडून राहिली असेल, तर पैसे भरताना पुन्हा पाहायचं.

याच कारणाने तारे आणि रिव्ह्यू यांच्यावर फार भार टाकू नका. बहुतेक ठिकाणी ते वस्तूच्या पानाला मिळालेले असतात, आज समोर असलेल्या विक्रेत्याला नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी अस्सल माल विकला, लोकांनी कौतुक केलं, आणि आज त्याच पानावर तिसराच माणूस माल विकत असेल, तर ते तारे त्याला फुकटात मिळतात. विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याचं स्वतःचं रेटिंग वेगळं दिसतं. पाहायचं असेल तर ते पाहा.

"डिलिव्हरी आणि गोदाम आमचं" अशा अर्थाचा जो बिल्ला मार्केटप्लेस लावतं, त्याचाही अर्थ नीट समजून घ्यायला हवा. माल त्यांच्या गोदामात ठेवला होता आणि ते तो पोहोचवतील, एवढंच तो सांगतो. माल खरा आहे, हे तो सांगत नाही. मार्च 2025 मध्ये भारतीय मानक ब्युरोने दिल्लीत मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांवर छापे घातले, तेव्हा आयएसआय चिन्ह नसलेले स्पोर्ट्स शूजचे शेकडो जोड अशाच एका गोदामातून जप्त झाले. ते सगळे नकली ब्रँडचे होते असं नाही. पण गोदाम मोठ्या कंपनीचं असलं म्हणजे आतली प्रत्येक वस्तू तपासून ठेवलेली असते, हा समज सोडून द्यायला हवा.

उत्पादक आणि आयातदार यांची ओळ

पानाच्या बरंच खाली, जिथे सहसा कुणी जात नाही, तिथे उत्पादक, पॅकर, आयातदार आणि कुठल्या देशात बनलं याची माहिती असते. वेष्टनबंद वस्तूंच्या वजनमापाच्या नियमांनुसार ही माहिती 2018 पासून ऑनलाइन पानावरही द्यावी लागते. ग्राहक संरक्षणाचे 2020 चे ई-कॉमर्स नियम आणखी पुढे जातात. आयात केलेली वस्तू असेल तर आयातदाराचं नाव आणि माल अस्सल असल्याची हमी, आणि जिथे लागू असेल तिथे वापराची अंतिम तारीख, हेसुद्धा विक्रेत्याने पानावर द्यायचं असतं.

इथे एकच प्रश्न विचारायचा: या ओळीत ब्रँडची कंपनी दिसते का? मोठ्या परदेशी ब्रँडची भारतात स्वतःची कंपनी असते आणि माल तिच्या नावाने येतो. प्यूमाचा बूट असेल तर प्यूमा स्पोर्ट्स इंडिया, आदिदासचा असेल तर आदिदास इंडिया मार्केटिंग, अशी नावं दिसायला हवीत. पुतण्याच्या बुटाच्या पानावर उत्पादक म्हणून विक्रेत्याचं स्वतःचंच नाव होतं, आणि आयातदाराच्या जागीही तेच. नामांकित कंपनीचा बूट, आणि बनवणारा कोण, तर दिल्लीतल्या एका घरगुती पत्त्यावरचा प्रोप्रायटर! कधी विक्रेता आळसाने सगळ्या रकान्यांत आपलंच नाव भरतो, हे मला माझ्या ग्राहकांवरून माहीत आहे. म्हणून एवढ्यावरून मी निकाल देत नाही. पण इथून पुढचं सगळं संशयाने तपासतो.

जीएसटी क्रमांकाचे पंधरा अंक-अक्षरं काय सांगतात

हा भाग माझ्या कामाचा, म्हणून थोडं सावकाश सांगतो. काही मार्केटप्लेसवर विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवलं की व्यवसायाचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक दिसतो. नसेल तर विक्रेत्याला प्रश्न विचारण्याची सोय वापरून मागता येतो. इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून विकणारा असेल, तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. खरा व्यापारी तो क्रमांक लपवत नाही, कारण दुकानाच्या पाटीवरही त्याला तो लावावाच लागतो.

क्रमांक मिळाला की आधी तो नुसता वाचा. पहिले दोन अंक राज्याचे असतात: 27 म्हणजे महाराष्ट्र, 07 दिल्ली, 24 गुजरात. त्यापुढची दहा अंक-अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. पूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर पाहा. तिथे P असेल तर नोंदणी एका व्यक्तीच्या नावावर आहे, F असेल तर भागीदारी फर्म, C असेल तर कंपनी. व्यक्ती असणं यात वाईट काहीच नाही. बर्डीवरचे कितीतरी सचोटीचे दुकानदार असेच नोंदलेले आहेत. पण "अधिकृत वितरक, प्रायव्हेट लिमिटेड" असं पानावर मिरवणाऱ्याचं सहावं अक्षर P निघालं, तर तिथेच थांबा.

मग gst.gov.in उघडा. लॉगिन लागत नाही. Search Taxpayer मध्ये Search by GSTIN निवडा, क्रमांक टाका, कॅप्चा भरा. समोर येणाऱ्या पानावर मी चार गोष्टी पाहतो. पहिली, नोंदणी चालू आहे की रद्द. रद्द किंवा निलंबित असेल तर बाकी काही पाहायची गरजच नाही. दुसरी, नाव आणि पत्ता मार्केटप्लेसवरच्या नावाशी जुळतो का. तिसरी, नोंदणीची तारीख. आणि चौथी, तो कशाचा व्यापार करतो. मालाच्या यादीत एचएसएन, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारे क्रमांक असतात. पादत्राणं 64 या आकड्यांनी सुरू होतात, सौंदर्यप्रसाधनं बहुधा 3304 किंवा 33 ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या क्रमांकात येतात.

आमच्या विक्रेत्याची नोंदणी चालू होती. पण ती झाली होती फक्त पाच महिन्यांपूर्वी, आणि वस्तूच्या पानावरचे रिव्ह्यू 2022 पासूनचे होते. म्हणजे ते कौतुक दुसऱ्याच कुणाचं. त्याच्या मालाच्या यादीत प्लास्टिकच्या वस्तू आणि खेळणी होती, 64 ने सुरू होणारं काही नव्हतं. पुतण्याने मान डोलावली, पण चेहरा पडला होता. 2,349 चा आकडा डोक्यातून जात नाही, हे मला समजत होतं.

या तपासणीच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. मालाची यादी नोंदणीच्या वेळी भरली जाते आणि कित्येक व्यापारी ती नंतर बदलतच नाहीत. माझ्या दोन ग्राहकांची यादी मीच मागे लागून दुरुस्त करून घेतली आहे. त्यामुळे यादीत बूट नसणं हा संशय आहे, पुरावा नाही. तसंच ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणी न घेताही मार्केटप्लेसवरून आपल्याच राज्यात विकता येतं. म्हणून महाराष्ट्रातल्या घरगुती साबण बनवणाऱ्या बाईंकडे क्रमांक नसेल, तर त्या फसवत आहेत असं समजू नका. पण दुसऱ्या राज्यातून नागपूरला ब्रँडेड बूट पाठवणाऱ्याकडे क्रमांक नसेल, तर ती सवलत त्याला लागू होत नाही.

आणि जीएसटी नोंदणी असणं म्हणजे माल खरा, असंही नाही. नकली विकणाराही नोंदणी घेतो. ही तपासणी चुकीच्या माणसाला गाळून टाकते, बरोबर माणसावर शिक्कामोर्तब करत नाही.

बुटाचा कोड आणि साइजची पट्टी

ब्रँडेड बुटाला मॉडेल आणि रंग मिळून एक कोड असतो. तो डब्यावर आणि बुटाच्या आतल्या लेबलवर सारखाच असतो. नायकीचा कोड सहा अंक-अक्षरं, आडवी रेघ आणि तीन अंक असा असतो. उदाहरणार्थ CW2288-111 हा पूर्ण पांढऱ्या एअर फोर्स वनचा कोड, आणि शेवटचे तीन अंक रंगासाठी. हा कोड इंटरनेटवर शोधला की तोच बूट त्याच रंगात यायला हवा. पानावर निळा बूट आणि कोड पांढऱ्याचा, असं झालं तर कुणीतरी एकाच डब्याचं लेबल सगळ्या रंगांसाठी छापतोय.

पानावर कोड नसेल तर खरेदीदारांनी टाकलेले फोटो उघडा. इथे वेळ घालवा, कारण पडद्यावर खऱ्या मालाच्या सर्वांत जवळ नेणारी जागा हीच आहे. एक, दोन आणि तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू, तेही अलीकडचे आधी, असं लावून घ्या. डब्याच्या लेबलचा किंवा बुटाच्या जिभेखालच्या लेबलचा फोटो कुणीतरी टाकलेलाच असतो. त्यावरची साइजची पट्टी वाचा. प्रत्येक कंपनीचा तक्ता ठरलेला असतो. नायकीच्या पुरुषांच्या बुटात UK 9 असेल तर शेजारी US 10, EUR 44 आणि 28 सेंटीमीटर असतं. आदिदासमध्ये त्याच UK 9 ला US 9½ आणि EUR 43⅓. नकली लेबल छापणारे कित्येकदा एका कंपनीचा तक्ता दुसरीच्या बुटावर लावतात, किंवा UK आणि US एकच आकडा टाकून मोकळे होतात. आमच्या पानावर एका मुलाने लेबलचा फोटो टाकला होता. त्यावर UK 9 आणि US 9. त्याने खाली लिहिलं होतं, "साइज लहान निघाला." बिचाऱ्याला वाटलं साइज चुकला.

बुटाबाबत अलीकडे आणखी एक आधार मिळाला आहे. ऑगस्ट 2024 पासून स्पोर्ट्स शूजसह बऱ्याच पादत्राणांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्या चिन्हाजवळ CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाईलवर भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर हे सरकारी अ‍ॅप घ्या, त्यात परवाना तपासण्याच्या जागी तो क्रमांक टाका, की कारखान्याचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसतं. मात्र हा परवाना बनवणाऱ्या कारखान्याचा असतो. ब्रँडचं नाव आणि कारखान्याचं नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका, मोठ्या कंपन्या दुसऱ्यांच्या कारखान्यांतच बूट करून घेतात. उलट, दुसऱ्याचा खरा क्रमांक नकली बुटावर छापणंही अवघड नाही. म्हणून कारखान्याचा पत्ता आणि पानावरचा "कुठल्या देशात बनलं" हे जुळतं का, तेवढं पाहा. जुन्या साठ्यातल्या खऱ्या बुटांवर हे चिन्ह नसेलही.

सौंदर्यप्रसाधनांना वेगळी नजर लागते

बूट नकली निघाला तर पैसे जातात, फार तर गुडघा दुखतो. तोंडाला लावायच्या वस्तूचं तसं नाही. 2023 मध्ये आपल्या अकोल्यातली बातमी आली होती. त्वचा उजळवणारी क्रीम वापरल्यावर एका घरातल्या मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला, आणि तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. कायद्याने क्रीममध्ये पारा घालायला बंदीच आहे. नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, डोळ्यांच्या प्रसाधनांची मर्यादा वेगळी. ज्या डबीचा कारखाना कुणालाच माहीत नाही, तिथे ही मर्यादा कोण पाहणार? दुसरी अडचण अशी की सौंदर्यप्रसाधनं स्वच्छतेच्या कारणाने बऱ्याच ठिकाणी परत घेतच नाहीत. म्हणजे तपासायची संधी पैसे भरण्याआधीचीच.

माझी भाची धरमपेठेत राहते. तिला एक परदेशी सनस्क्रीन हवं होतं. तिच्याबरोबर बसलो तेव्हा आम्ही आधी पानावरच्या फोटोंत मागची बाजू शोधली. भारतात बनलेल्या प्रसाधनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता असतो. आयात मालाला सरकारकडे नोंदणी लागते. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार नोंदणीचा क्रमांक आणि नोंदणी ज्याच्या नावाने आहे त्याचा पत्ता लेबलवर हवा. हे बहुतेकदा बाटलीवर किंवा खोक्यावर चिकटवलेल्या पांढऱ्या स्टिकरवर असतं, क्रमांकात RC आणि COS ही अक्षरं दिसतात, आणि तिथेच रुपयांतली एमआरपी.

हे स्टिकर नसणारा माल दोन प्रकारचा असतो, आणि हा फरक भाचीला मी आवर्जून सांगितला. एक तर तो नकली. किंवा तो खरा आहे, पण कुणीतरी परदेशातून बॅगेत भरून किंवा आडवाटेने आणलेला. दुसऱ्या प्रकारात बाटली अस्सल असूनही ती उन्हात किती दिवस पडली, मुदत संपत आली होती का, हे सांगायला इथे कुणी जबाबदार नाही. नागपूरच्या मे महिन्यात बंद टेंपोत पडलेल्या सनस्क्रीनची काय अवस्था होत असेल, याचा अंदाज करा. मी दोन्ही प्रकार टाळायला सांगतो.

मग पुन्हा खरेदीदारांचे फोटो. इथे भाचीनेच एक गोष्ट पकडली, जी मी कधी पाहिली नव्हती. जूनपासून पुढच्या मार्चपर्यंत वेगवेगळ्या लोकांनी टाकलेल्या सात फोटोंत बाटलीच्या तळाचा बॅच क्रमांक एकच होता. एवढं खपणारं सनस्क्रीन, एका बॅचचा माल दहा महिने कसा पुरेल? नकली बनवणारा एक खरी बाटली समोर ठेवतो आणि तिच्यावरचा क्रमांकही तसाच्या तसा उतरवत राहतो. कमी खपणाऱ्या वस्तूत एकच बॅच बराच काळ चालू शकते, म्हणून हा नियम हातोहात खपणाऱ्या मालापुरताच धरा.

बॅच क्रमांक टाकला की तारीख सांगणाऱ्या वेबसाइट्स आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. त्या क्रमांकाच्या रचनेवरून तारीख काढून देतात. खऱ्या बाटलीवरून उतरवलेला क्रमांक टाकला तरी खरीच तारीख येणार. बारकोड 890 ने सुरू होतो म्हणून माल भारतीय आणि खरा, हाही गैरसमज. 890 एवढंच सांगतं की बारकोड भारतातल्या संस्थेकडून घेतलेला आहे.

किंमत कशी वाचायची

नुसती स्वस्त किंमत हा पुरावा नाही. खऱ्या मालावरही मोठी सूट मिळते, पण त्या सुटीला एक चेहरा असतो. बुटाचा मागच्या हंगामाचा रंग असतो, साइज तुटके असतात, 6 आणि 11 उरलेले आणि मधले सगळे गेलेले. प्रसाधनाची मुदत तीन-चार महिन्यांवर आलेली असते आणि पानावर तसं लिहिलेलंही असतं. नकली मालाला हा चेहरा नसतो. सध्या सर्वांत जास्त मागणी असलेला रंग, 6 पासून 11 पर्यंत प्रत्येक साइज, लिपस्टिकच्या बाराच्या बारा शेड, आणि सगळ्यांवर सारखीच सत्तर टक्के सूट. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जो साइज संपलेला आहे तोच इथे अर्ध्याहून कमी किमतीत कसा, हा प्रश्न स्वतःला विचारा.

पानावरचे शब्दही वाचा. "फर्स्ट कॉपी", "7A", "मिरर", "मास्टर", किंवा ब्रँडच्या नावातलं एखादं अक्षर मुद्दाम बदललेलं, हे शब्द स्वतःच कबुली देतात. "एक्सपोर्ट सरप्लस", "टेस्टर", "बॉक्सशिवाय" हे शब्द अधिक फसवे, कारण त्यांत लेबल आणि डबा का नाही याचं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं असतं.

सोशल मीडियावर दिसणाऱ्या "नागपूर आउटलेट बंद होत आहे, सर्व शूज 999" अशा जाहिराती मी तपासतही बसत नाही. ब्रँडच्या मूळ साइटवर जाऊन दुकानांच्या यादीत तो आउटलेट आहे का, एवढं पाहायला मिनिटही लागत नाही.

पैसे भरण्याच्या बटणाआधी

पुतण्याने 2,349 चा नाद सोडला. दोन दिवसांनी तोच दुसरी लिंक घेऊन आला. त्याच कंपनीचा मागच्या वर्षीचा बूट, फिकट करडा रंग, 4,199 रुपये. विक्रेत्याचा पत्ता भिवंडीचा, क्रमांक 27 ने सुरू होणारा, सहावं अक्षर C, नोंदणी 2018 ची, यादीत 6404. उत्पादकाच्या ओळीत कंपनीचं खरं नाव. साइज फक्त दोनच उरलेले, त्यातला एक 9. खरेदीदाराच्या फोटोतल्या लेबलवर UK 9 शेजारी US 10, आणि कोड शोधल्यावर तोच करडा बूट समोर आला.

तरीही मी त्याला स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगितले. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता, उत्पादक-आयातदाराची ओळ, किंमत आणि फोटो, परतीची अट, आणि पिनकोडसह अंतिम पान. नंतर काही बिघडलं तर विक्रेता पान बदलतो किंवा काढून टाकतो, तेव्हा हेच हातात राहतं. परतीच्या अटीत "फक्त बदलून मिळेल" असं असेल तर लक्षात घ्या, नकली बूट बदलून दुसरा नकलीच येणार. पैसे परत मिळण्याची सोय असलेलंच पान निवडा. पैसे मार्केटप्लेसच्या आतच भरा. विक्रेता "युपीआयवर थेट पाठवा, दोनशे रुपये कमी करतो" म्हणाला, तर त्या दोनशे रुपयांत तुम्ही तक्रारीचा सगळा आधार विकून टाकता.

तक्रारीची वेळ आलीच, तर मार्केटप्लेसच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असा नियम आहे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी 2019 च्या कायद्याने तक्रार आपण राहतो तिथे, म्हणजे नागपुरातच करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. क्रीम किंवा सनस्क्रीनबद्दल संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या 1800222365 या क्रमांकावर कळवा, आणि डबी फेकू नका, नमुना म्हणून तीच लागते.

पुतण्याने पाचही स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये टाकले, पिनकोड आणि विक्रेत्याचं नाव पुन्हा एकदा वाचलं, आणि मग 4,199 रुपये भरले.